ध्वनीचा वेग ३३१.९ आला, तरी सरांनी गुण का कापले? (दोन माइक, ऑसिलोस्कोप आणि अनिश्चितता)

ओंकार_एसवाय

नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन मायक्रोफोन आणि ऑसिलोस्कोप वापरून हवेतील ध्वनीचा वेग काढण्याचे प्रॅक्टिकल आम्हाला होते. दीड मीटरच्या लाकडी पट्टीवर दोन स्टँड सरकतात, प्रत्येक स्टँडला खाली एक काटा आहे आणि वर माइक बसवलेला आहे. पहिल्या माइकच्या साधारण ३० सेंटिमीटर अलीकडे माझा जोडीदार दोन लोखंडी सळ्या एकमेकींवर आपटत असे. पहिला माइक चॅनल १ वर, दुसरा चॅनल २ वर, ट्रिगर चॅनल १ वर आणि स्कोप सिंगल मोडमध्ये, अशी मांडणी होती. दोन्ही रेघा जिथे पहिल्यांदा हलतात तिथे कर्सर ठेवून मी मधला वेळ वाचला. स्कोप ५०० मायक्रोसेकंद प्रति घर यावर होता.

प्रत्येक अंतराला दहा वेळा सळ्या आपटून घेतलेली सरासरी अशी आहे:

२० सेंमी : ६४० मायक्रोसेकंद
४० सेंमी : १२०६
६० सेंमी : १७९०
८० सेंमी : २३५६
१०० सेंमी : २९३८

अंतराला वेळेने भागून पाच वेग काढले. ते अनुक्रमे ३१२.५, ३३१.७, ३३५.२, ३३९.६ आणि ३४०.४ मीटर प्रति सेकंद असे आले. त्यांची सरासरी ३३१.९ आणि सरासरीची अनिश्चितता ५.१ आली. पुस्तकात ध्वनीचा वेग ३३१ दिला आहे, म्हणजे उत्तर अगदी जुळले. तरी सरांनी दहापैकी सहा गुण दिले आणि जर्नलमध्ये शेरा मारला, "उत्तर पुस्तकाशी जुळते, मोजमापाशी जुळत नाही." २० सेंमीच्या ओळीत मी अनिश्चितता शून्य लिहिली होती, कारण दहाही रीडिंग ६४० आली होती. त्या शून्याभोवतीही लाल गोल आहे. माझे नेमके काय चुकले, हे समजून घ्यायचे आहे. पुढच्या शुक्रवारी प्रयोग पुन्हा करण्याची परवानगी मिळाली आहे.

केदार_नाशिक

तुमची रीडिंग कमी पडली, असे मला वाटते. दहाऐवजी प्रत्येक अंतराला पन्नास वेळा सळ्या आपटा. अनिश्चितता रीडिंगच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते, त्यामुळे ५.१ चे साधारण २.३ होईल आणि सरांना आक्षेप घ्यायला जागा राहणार नाही.

सागरवारा

आधी एक साधा प्रश्न विचारतो. त्या दिवशी प्रयोगशाळेत तापमान किती होते? ३३१ हा आकडा शून्य अंश सेल्सिअसच्या कोरड्या हवेसाठी आहे आणि प्रत्येक अंशामागे वेग साधारण ०.६ मीटर प्रति सेकंदाने वाढतो. आमच्याकडे रत्नागिरीत तर थंडीच्या पहाटेसुद्धा ध्वनीचा वेग ३३१ असणे शक्य नाही.

ओंकार_एसवाय

भिंतीवरचा थर्मामीटर २८ अंश दाखवत होता. मी तो आकडा जर्नलमध्ये लिहिला, पण पुढे कुठेच वापरला नाही. त्या हिशेबाने वेग ३४८ च्या आसपास यायला हवा होता. मग माझे उत्तर सोळा मीटरने कमी आहे आणि जुळले ते केवळ योगायोगाने, असे म्हणावे लागेल.

मोजपट्टी

ओंकार, तो शेरा फार नेमका आहे, आणि त्याचे उत्तर तुझ्या पाच वेगांच्या रांगेतच दडले आहे. ३१२, ३३२, ३३५, ३४०, ३४०. हे आकडे एका किमतीच्या वर-खाली विखुरलेले नाहीत, ते अंतराबरोबर चढत गेले आहेत. चूक योगायोगाची असती, तर २० सेंमीला कधी जास्त आणि १०० सेंमीला कधी कमी असे काहीही आले असते. आकडे एकाच दिशेने सरकत असतील, तर प्रत्येक रीडिंगमध्ये तीच ती भर पडते आहे असे समजावे. भर ठरावीक असल्यामुळे लहान अंतरावर तिचा वाटा मोठा दिसतो आणि मोठ्या अंतरावर लहान.

म्हणून या पाच वेगांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर वेळ घेऊन आलेख काढ. रेषेचा चढ म्हणजे एका मीटरला लागणारा वेळ, आणि रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा म्हणजे ती ठरावीक भर. मी तुझ्याच आकड्यांवर लघुत्तम वर्गांची रेषा बसवून पाहिली. चढ २८७३ मायक्रोसेकंद प्रति मीटर आला, म्हणजे वेग ३४८.१, आणि आंतरछेद ६२ मायक्रोसेकंद आला. रेषेपासून बिंदूंचे अंतर साधारण ५ मायक्रोसेकंद आहे, त्यावरून चढाची अनिश्चितता ८.४ आणि वेगाची १.० येते. म्हणजे ३४८.१ अधिक-उणे १.० मीटर प्रति सेकंद. तुझी रीडिंग चांगली होती, त्यांच्यावरचा हिशेब चुकला.

केदार यांच्या सूचनेबद्दलही सांगते. पन्नासच काय, पाचशे वेळा सळ्या आपटल्या तरी ते ६२ मायक्रोसेकंद तसेच राहतील. वर्गमुळाचा नियम विखुरलेपणाला लागू पडतो, सगळ्या रीडिंगांत सारख्याच असलेल्या भरीला नाही. शिवाय हे ५.१ पाच वेगांच्या आपसांतल्या फरकातून आले आहेत. सळ्या जास्त वेळा आपटल्याने तो फरक घटणार नाही.

केदार_नाशिक

मान्य आहे, ते पाच वेग माझ्या नजरेतून सुटले. तरी एक शंका राहते. रेषा बसवूनही अनिश्चितता १.० उरतेच, मग ती कमी करण्यासाठी रीडिंग वाढवण्याचा काही उपयोग नाही का?

मोजपट्टी

थोडा आहे, पण तुमच्या अपेक्षेइतका नाही, आणि त्याचे कारण ओंकारच्या त्या शून्यात आहे. ओंकार, ४० सेंमीची सुटी रीडिंग इथे देशील का?

ओंकार_एसवाय

सात वेळा १२०० आणि तीन वेळा १२२०. ६० सेंमीला पाच वेळा १७८० आणि पाच वेळा १८००. १०० सेंमीला एकदा २९२० आणि नऊ वेळा २९४०. आता लिहिताना लक्षात आले की सगळी रीडिंग वीसच्या पटीत आहेत.

मोजपट्टी

तेच विचारायचे होते. त्या स्कोपवर ५०० च्या घराला कर्सर वीस-वीस मायक्रोसेकंदांच्या पायरीने सरकतो. खरा वेळ ६३७ असो वा ६४३, वाचताना ६४० च येणार. दहा रीडिंग सारखी आली याचा अर्थ एवढाच, की सळ्यांच्या आवाजातील फरक एका पायरीत मावला. पायरीच्या आत खरी किंमत कुठेही असू शकते.

मी भोसरीत मापयंत्रांच्या कॅलिब्रेशनचे काम करते. आमच्याकडे अशा वेळी पायरीची निम्मी किंमत घेऊन तिला तीनच्या वर्गमुळाने भागतात, कारण दोन टोकांमधली कोणतीही किंमत सारखीच संभवते. इथे दहा भागिले १.७३, म्हणजे ५.८ मायक्रोसेकंद. शून्याच्या जागी हा आकडा हवा होता. आता रेषेपासून बिंदूंचे जे अंतर वर आले ते पाहा, ५.३. दोन्ही आकडे स्वतंत्र वाटांनी आले आणि जवळजवळ जुळले. यावरून कळते, की तुझ्या मोजणीतला विखुरलेपणा मुख्यतः कर्सरच्या पायरीचा आहे, सळ्यांचा किंवा हाताचा नाही. म्हणून सळ्या जास्त वेळा आपटण्यापेक्षा पायरी लहान करण्याने काम लवकर होईल. १०० मायक्रोसेकंदांचे घर ठेवले तर त्याच स्कोपवर पायरी ४ ची होईल.

ओंकार_एसवाय

पण १०० च्या घराला सगळा पडदा मिळून एक मिलिसेकंदाचाच होतो, ताई. ८० सेंमीचा सिग्नल त्यात मावणार नाही.

शर्वरी_के

दोन्ही सिग्नल एकदम पडद्यावर असण्याची गरज नाही. वेळेचा शून्य ट्रिगरपाशी असतो. आडव्या सरकवणीचे बटण फिरवून चॅनल २ चा सिग्नल पडद्याच्या मध्यावर आण, तिथला वेळ थेट ट्रिगरपासून मोजला जातो. मात्र मग चॅनल १ ची सुरुवात ट्रिगरच्या किती आधी आहे, हेही त्याच घरावर एकदा पाहून घ्यावे लागेल, नाहीतर एक भर काढताना दुसरी घुसेल.

बालविज्ञान_पालक

माझी मुलगी आठवीत आहे आणि तिला शाळेच्या प्रदर्शनासाठी हाच प्रयोग करायचा आहे. आम्ही बाजारातून ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा छोटा सेन्सर आणला आहे, तो भिंतीपर्यंतचे अंतर अचूक दाखवतो. त्यावरून ध्वनीचा वेग किती अचूक मिळेल? आमचा वेग दर वेळी ३४० च येतो, मग अनिश्चितता शून्य धरावी का?

शर्वरी_के

सेंटिमीटरमध्ये अंतर दाखवण्यासाठी त्या सेन्सरच्या प्रोग्रॅममध्ये ध्वनीचा वेग आधीच लिहून ठेवलेला असतो. त्यामुळे दाखवलेल्या अंतरावरून वेग काढला, तर प्रोग्रॅममध्ये लिहिलेला आकडाच परत मिळेल. सेन्सरकडून अंतराऐवजी प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ घ्या, भिंतीचे अंतर टेपने मोजा आणि आवाज जाऊन-येऊन दुप्पट अंतर कापतो हे ध्यानात ठेवा. मुलीलाही चार-पाच अंतरे घेऊन आलेख काढायला सांगा, कारण सेन्सरचा शून्य नेमका कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही.

जुना_फळा

मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. आमच्या काळी प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप नव्हता. अनुनाद नलिका, पाणी आणि नादकाटा यांवर आम्ही वेग काढायचो. विषय वेगळा वाटेल, पण ओंकारच्या ६२ मायक्रोसेकंदांचा भाऊ तिथेही भेटतो, म्हणून लिहितो.

नळीत पहिला अनुनाद मिळाला की मुले लगेच हवेच्या स्तंभाची लांबी चारने गुणून तरंगलांबी काढत, आणि वेग नेहमी कमी येई. नळीच्या तोंडाशी हवेचे कंपन थोडे बाहेरही जाते, त्यामुळे खरी लांबी पट्टीवर दिसते त्यापेक्षा साधारण त्रिज्येच्या ०.६ पट जास्त असते. उपाय सोपा होता. दुसरा अनुनाद शोधायचा आणि दोन लांबींची वजाबाकी करायची, म्हणजे ती अनोळखी भर दोन्हीकडून निघून जाते. नळीचे तोंड असो वा माइकचा स्टँड, शून्य कुठे आहे हे ठाऊक नसेल तर फरकांवर विश्वास ठेवावा.

आता माझा प्रश्न असा आहे, की ते ६२ मायक्रोसेकंद येतात कुठून? ३४८ ने गुणले तर २.२ सेंटिमीटर होतात. एवढी लांबी प्रयोगशाळेत डोळ्यांना दिसायला हवी.

ओंकार_एसवाय

सर, मी आज लॅब असिस्टंट काकांना विनंती करून दहा मिनिटे आत गेलो. पहिल्या स्टँडवर माइकचे तोंड काट्याच्या बरोबर वर आहे. दुसऱ्या स्टँडची क्लिप वेगळी आहे. तिच्यात माइक मागे सरकून बसतो आणि त्याचे तोंड काट्याच्या १.६ सेंमी मागे आहे. काट्यावरून मी २० सेंमी वाचत होतो तेव्हा आवाज २१.६ सेंमी जात होता. मग दोन्ही माइकची तोंडे शेजारी येतील असे न करता, दोन्ही काटे एकाच आकड्यावर येतील असे स्टँड ठेवले आणि १०० च्या घरावर वेळ पाहिला. तो ४८ मायक्रोसेकंद आला. १.६ सेंमीचे ४६ होतात, म्हणजे हे दोन आकडे जुळतात. पण आलेखातून ६२ आले होते.

मोजपट्टी

आंतरछेदाची अनिश्चितता मी काल लिहिली नव्हती. ती साधारण ५.६ आहे, कारण तुझे सर्वांत जवळचे अंतर २० सेंमी आहे आणि रेषा तिथून शून्यापर्यंत लांबवावी लागते. ६२ आणि ४८ यांत १४ चा फरक म्हणजे अनिश्चिततेच्या अडीच पट. केवळ योगायोगाने इतका फरक क्वचित पडतो. सोडून द्यावा इतका तो लहान नाही, पण त्यावरून काही ठामपणे म्हणावे इतका मोठाही नाही.

शर्वरी_के

मला कर्सर ठेवण्याच्या पद्धतीबद्दल शंका आहे. ओंकार, रेघ "पहिल्यांदा हलते" तिथे तू कर्सर ठेवत होतास. दोन्ही चॅनलचे उभे प्रमाण एकच होते का?

ओंकार_एसवाय

हो. दोन्ही चॅनल ५० मिलिव्होल्ट प्रति घर होते आणि मी ते प्रयोगभर बदलले नाही. १०० सेंमीला चॅनल २ चा सिग्नल बराच लहान दिसत होता.

शर्वरी_के

मग हा धोका समजून घे. आवाज दूर जाताना क्षीण होतो, त्यामुळे दूरच्या माइकची रेघ सावकाश वर चढते. रेघ हलली असे डोळ्याला वाटण्यासाठी ती काही ठरावीक उंची गाठावी लागते, आणि क्षीण सिग्नलला ती उंची गाठायला जास्त वेळ लागतो. सळ्यांपासूनचे अंतर दुप्पट झाले की सिग्नल साधारण निम्मा होतो आणि हा उशीर दुप्पट होतो. म्हणजे उशीर अंतराच्या प्रमाणात वाढतो.

यातली अवघड गोष्ट ही, की अंतराच्या प्रमाणात वाढणारी चूक आंतरछेदात येत नाही, ती चढात मिसळते. सगळे बिंदू तरीही सरळ रेषेवरच बसतात, त्यामुळे रेषेपासूनची अंतरे पाहून तिचा पत्ता लागत नाही. समज पहिल्या माइकवर हा उशीर १० मायक्रोसेकंद आहे. सळ्या ३० सेंमीवर असल्यामुळे दर मीटरला तो ३३ ने वाढेल आणि वेग एक टक्क्याहून जास्त कमी येईल, म्हणजे चार मीटरने. तुझा उशीर एवढा नसावा, पण १.० ही अनिश्चितता लिहिताना त्यात हा भाग धरलेला नाही, हे जर्नलमध्ये नमूद करायला हवे.

यावर उपाय दोन आहेत. माइक दूर नेत जाशील तसे चॅनल २ चे प्रति घर मिलिव्होल्ट कमी करत जा, म्हणजे दोन्ही सिग्नल पडद्यावर सारख्या उंचीचे राहतील. किंवा रेघ हलते ती जागा सोडून, पहिल्या लाटेनंतर ती मधली रेषा जिथे ओलांडते ती जागा वाच. सिग्नल लहान असो वा मोठा, ती जागा बदलत नाही.

केदार_नाशिक

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस असल्यामुळे वेगळे सुचवतो. सळ्या बाजूला ठेवा, फंक्शन जनरेटरवरून २ किलोहर्ट्झचा सलग स्वर स्पीकरला द्या आणि दोन्ही रेघा एकमेकींवर बसतील अशा जागा शोधा. दोन जागांमधले अंतर म्हणजे तरंगलांबी, सुमारे १७.४ सेंमी. वारंवारता जनरेटर फार अचूक देतो, त्यामुळे फक्त अंतराची अनिश्चितता उरते. सुरुवात ओळखण्याचा प्रश्नच येत नाही.

जुना_फळा

केदारराव, पद्धत चांगली आहे, पण बंद खोलीत सलग स्वर भिंतींवरून आणि टेबलावरून परत येऊन मूळ स्वरात मिसळतो. मग लागोपाठच्या जागांमधली अंतरे १७.०, १७.९, १७.१ अशी डोलू लागतात. सळ्यांच्या टणत्कारात हा त्रास होत नाही, कारण भिंतीवरचा प्रतिध्वनी येईपर्यंत आपला वेळ वाचून झालेला असतो. मात्र टेबलाचा पृष्ठभाग जवळ असेल तर तिथून परतलेला आवाज पाठोपाठ येतो, म्हणून माइक टेबलापासून चांगले उंच असावेत.

केदार_नाशिक

टेबलावर आणि मागच्या भिंतीवर जाड रजई टाकली तर अंतरांचे डोलणे बरेच कमी होते, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे मला अजूनही सलग स्वराचीच पद्धत बरी वाटते.

सागरवारा

आणखी एक गोष्ट. सगळे जण ३४८ या अपेक्षित आकड्याशी तुलना करत आहेत, पण तो कोरड्या हवेचा आहे. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवेत ध्वनी थोडा वेगाने जातो. २८ अंशाला पावसाळ्यातली ऐंशी टक्के आर्द्रता धरली, तर वेग सुमारे दीड मीटरने वाढतो. ओंकारची अनिश्चितता एक मीटरची असेल तर हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. प्रयोगाच्या दिवशी पाऊस होता का?

ओंकार_एसवाय

सकाळपासून पाऊस होता आणि खिडक्या उघड्या होत्या. आर्द्रता मात्र मी मोजली नव्हती. शुक्रवारी भूगोल विभागाकडून ओल्या-कोरड्या फुग्याचा तापमापक मागून घेतो.

ओंकार_एसवाय

शुक्रवारचा प्रयोग झाला. या वेळी १०० चे घर ठेवले, चॅनल २ चे प्रमाण प्रत्येक अंतराला बदलले आणि रेघ मधली रेषा जिथे ओलांडते तिथला वेळ वाचला. १० सेंमीपासून १३० सेंमीपर्यंत तेरा अंतरे घेतली. चढ २८६० अधिक-उणे ३ आला, म्हणजे वेग ३४९.७. चढाची अनिश्चितता वेगात ०.४ होते. लाकडी पट्टी शेजारच्या स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहिली. एका मीटरला एक मिलिमीटरपर्यंत फरक असू शकतो, त्याचे आणखी ०.३५ धरले. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढल्यावर ०.५ आले. तापमान २७.५ होते आणि आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे अपेक्षित वेग साधारण ३४९.५ येतो.

आंतरछेद ५५ अधिक-उणे २ आला. काटे एकत्र ठेवून घेतलेला वेळ आजही ४८ च आहे. क्लिप मुद्दाम बदलली नव्हती.

शर्वरी_के

फार चांगले काम केलेस. एकच गोष्ट जपून लिही. पहिला वेग ३४८.१ अधिक-उणे १.० होता आणि आजचा ३४९.७ अधिक-उणे ०.५. दोहोंतला फरक १.६ आणि त्याची एकत्रित अनिश्चितता १.१ आहे. कर्सरची पद्धत बदलल्यामुळे वेग सुधारला, असे यावरून सिद्ध होत नाही. ते तपासायचे असेल तर एकाच दिवशी, त्याच सिग्नलवर, दोन्ही जागी कर्सर ठेवून दोन आलेख काढावे लागतील.

मोजपट्टी

उरलेल्या सात मायक्रोसेकंदांबद्दल मला एक शंका आहे. काटे एकत्र आणतोस तेव्हा स्टँड एकमेकांना खेटतात. पुढच्या माइकचे अंग मागच्या माइकच्या वाटेत येत असेल, तर लाटेचा आकार बदलू शकतो. स्टँड आडवे सरकवून माइकांमध्ये हातभर जागा ठेव, सळ्या दोघांपासून समान अंतरावर आपट, आणि तेव्हाही ४८ च येतात का ते पाहा.

ओंकार_एसवाय

ताई, तसे करायला पट्टीवर जागा नाही, दुसरा स्टँड स्टुलावर ठेवावा लागेल. सरांनी सोमवारी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळा उघडून देण्याचे कबूल केले आहे. माइकांची अदलाबदल करूनही एकदा वेळ घेतो, म्हणजे फरक क्लिपचा आहे की माइकचा, हे वेगळे करता येईल.